दोन फोटोंतला ठसा

दक्षाने त्या पाकिटावर 'नकली' असा शेरा मारला, तेव्हा ते कोणाचे आहे हे तिला ठाऊक नव्हते. ते कळावे अशी कामाची रचनाच नव्हती. मुंबईतली एक कंपनी लोकांकडच्या वापरलेल्या परदेशी पर्स आणि पाकिटे आपल्या वेबसाइटवर विकायला ठेवत असे. विकणारा फोटो पाठवी आणि तपासणारा ते फोटो अस्सल वस्तूच्या नमुना-फोटोंशी ताडून निकाल देई. तपासणाऱ्याला फोटोंपलीकडे फक्त एक क्रमांक दिसे. कोणाच्या नावागावाकडे पाहून मत बदलू नये, हा त्यामागचा हेतू. तो दक्षाला मनापासून पटलेला होता.

पदवीनंतर तिने काही काळ कंपनीच्या भिवंडीच्या गोदामात काम केले होते. तिथे वस्तू हातात घेऊन पाहायला मिळत. वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायू झाल्यावर ती डहाणूला परत आली आणि कंपनीने तिला घरून फोटो तपासण्याचे काम दिले. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, हार्डवेअरच्या दुकानावर तिने भाड्याने जागा घेतली होती. खिडकीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, शेजारच्या खाटेवर अण्णा.

हे पाकीट इटलीतल्या एका नामांकित कंपनीच्या नावाचे होते. ते नाव आतल्या चामड्यावर सोनेरी वर्ख न लावता, नुसत्या तापवलेल्या पितळी ठशाने दाबलेले असते. अस्सल वस्तूत सगळी अक्षरे सारखीच खोल बसतात, त्यांच्या कडा सरळ उतरतात आणि तळ सपाट असतो. शेवटच्या दोन अक्षरांमधली फट बाकीच्या फटींपेक्षा किंचित अरुंद असते. दक्षासमोरच्या फोटोंत अक्षरे उथळ होती, कडा गोलसर होत्या आणि शेवटची फट सरळसरळ रुंद होती. फोटो समोरून घेतलेला, उजेड एकसारखा. शंकेला जागा नव्हती. तिने शेरा मारला आणि पुढचा क्रमांक उघडला.

त्या आठवड्याच्या शेवटी जीवन आला.

जीवन झाई गावचा. दक्षाचे आजोळही झाईचेच, त्यामुळे दोघे लहानपणी एकाच किनाऱ्यावर खेळलेले. आता तो डहाणू रोड ते झाई रिक्षा चालवायचा. त्याची आई गंगी गावातल्या मेहतांच्या बंगल्यावर राखणदारीचे आणि स्वयंपाकाचे काम करायची. मेहता कुटुंब मुंबईला असे. चिकूच्या हंगामात मालकीणबाई, हेतलबेन, येऊन राहत. वर्षातला बाकीचा काळ बंगल्याच्या किल्ल्या गंगीच्या कमरेला असत.

"काय ठेकेदार, आज रिक्षाला सुट्टी?" अण्णा खाटेवरून म्हणाले. त्यांचे शब्द अडखळत, पण चेष्टा शाबूत होती.

"रिक्षा खाली आहे, काका. पॅसेंजर नाही चढत." जीवन दारातच उभा राहिला. "चोराच्या रिक्षात कोण बसेल?"

अण्णांनी दक्षाकडे पाहिले. दक्षाने स्टूल पुढे सरकवले. जीवन बसला, पण बूड टेकल्यासारखा नव्हे.

त्याने सांगितले ते असे. हेतलबेनना नवऱ्याने दिलेले एक परदेशी पाकीट होते. दिवाळीनंतर त्यांनी ते विकायला काढले. फोटो त्यांनी स्वतःच बंगल्याच्या ओट्यावर काढले. कंपनीने ते अस्सल ठरवले, गिऱ्हाईकही मिळाले. तोवर हेतलबेन मुंबईला गेल्या होत्या आणि पाकीट बंगल्यातल्या कपाटात राहिले होते. त्यांनी गंगीला फोन करून सांगितले, पाकीट काढ, जीवनला दे, तो फोटो काढून मला पाठवेल आणि मग कुरिअरला देईल. रवाना करण्यापूर्वी नवे फोटो घ्यायचे, असा कंपनीचा नियम होता. जीवनने फोटो काढून पाठवले. दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला: विकायला ठेवलेली वस्तू अस्सल होती, आताची नकली आहे.

"आता सांग, मधल्या काळात पाकीट कोणाच्या हातात होतं?" जीवन म्हणाला. "आईच्या आणि माझ्या. शेठाणी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर. सगळ्या मजुरांसमोर मला म्हणाल्या, खिशातलं पाकीट काढ. काढलं. अच्छाडच्या नाक्यावर घेतलेलं, त्याच्यावर पण कुठलं तरी फॉरेनचं नाव. म्हणाल्या, बघा, याला नकली मालाचं दुकान माहीत आहे."

"आणि गंगीमावशी?"

"तिने अजून घोळ घातला. म्हणाली, मी त्याला खोबरेल लावलं होतं, म्हणून बिघडलं असेल. शेठाणी म्हणाल्या, तेलाने अस्सलचं नकली होतं का? किल्ल्या काढून घेतल्या. पोलिसांत द्यायचं की नाही ते सोमवारी ठरवणार." त्याने लॅपटॉपकडे बोट केले. "तू अशाच फोटोंचं काम करतेस ना? कोणी तपासलं ते तुला कळेल का? त्या माणसाला म्हणावं, एकदा नीट बघ."

त्याने मोबाइल पुढे केला. पहिलाच फोटो पाहून दक्षाने तो परत दिला. तिला दुसरा पाहावा लागला नाही.

"तेल कधी लावलं?" तिने विचारले.

"फोटोच्या आधी. कपाटात राहून सुकल्यासारखं वाटलं तिला. चपलेला लावतो, कोयत्याच्या म्यानाला लावतो, तसं लावलं."

दक्षाच्या मनात आशा हलली. चामडे तेल पिऊन फुगते. फुगले की दाबलेले ठसे वर येतात, उथळ दिसू लागतात. पण हे वाक्य मनात पुरे होण्याआधीच तिला पुढचे दिसले. तेलाने खोली कमी होईल, अक्षरांमधली फट रुंद होणार नाही. निदान एकट्या शेवटच्या दोन अक्षरांमधली तर नाहीच.

"ते तपासणारी मीच आहे, जीवन," ती म्हणाली.

जीवनने तिच्याकडे पाहिले, मग लॅपटॉपकडे. रागाऐवजी त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र सुटका दिसली आणि दक्षाला तीच जास्त जड गेली.

"मग तर झालंच. तुझ्या हातात आहे. बदलून टाक."

"तसं बदलता येत नाही. ठसा खोटाच आहे."

"म्हणजे तू पण म्हणतेस, आम्ही बदललं?"

"मी एवढंच म्हणते की तुझ्या फोटोतलं पाकीट नकली आहे."

"तेच ते," जीवन उठत म्हणाला. "शिकलेल्या माणसांचं एक बरं असतं. तोंडाने चोर म्हणावं लागत नाही."

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "गंगी माझ्या लग्नात हळद दळायला होती." त्यांना आणखी काही म्हणायचे होते की नाही, हे दक्षाला कळले नाही.

तिने कंपनीच्या नोंदींतून वस्तूचा मूळ क्रमांक शोधला. हेतलबेननी काढलेले फोटो उघडले आणि ते अस्सल ठरवणाऱ्याच्या जागी स्वतःचेच नाव वाचले. दिवाळीनंतरच्या गर्दीत तिनेच ते पार केले होते. आठवत मात्र काही नव्हते. एवढी पाकिटे डोळ्यांखालून गेली होती.

फोटोंत अक्षरे खोल दिसत होती. कडांना गडद सावली होती, शेवटची फट अरुंद होती. नमुन्याशी बरोबर जुळत होते. मग जीवनचे फोटो. ते जुळत नव्हते. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर. त्यांचा एकत्र अर्थ एकच निघत होता, आणि तो हेतलबेननी काढला होता.

दक्षाने पुन्हा पाहायचे म्हणून पाहिले, काही सापडेल असे वाटून नव्हे. आणि मग तिच्या लक्षात आले की हे दोन संच तिने एकमेकांशेजारी कधीच ठेवलेले नव्हते. कोणीच ठेवत नसे. प्रत्येक संच स्वतंत्र क्रमांकाने येई, अस्सल नमुन्याशी ताडला जाई आणि मिटवला जाई. वस्तू अस्सल आहे का, एवढाच प्रश्न कंपनीने नेमून दिला होता. ही तीच वस्तू आहे का, हा प्रश्न कोणाच्याही वाट्याला आला नव्हता.

तिने पडदा दोन भागांत विभागला आणि दोन्ही फोटो मोठे केले.

तिसऱ्या अक्षराच्या पायाशी चामड्यात एक बारीक सुरकुती होती. खाली जाऊन तिला दोन फाटे फुटले होते. दोन्ही फोटोंत. दक्षाने स्वतःला आवरले. काही कारखाने चामड्यावर साच्याने दाणा उठवतात. तशी सुरकुती एकाच साच्यातल्या अनेक पाकिटांवर येऊ शकते. तिने शिवण पाहिली. कोपऱ्याकडून पाचवे छिद्र ओळीतून बाहेर गेले होते आणि तिथला दोरा दुहेरी होता, जणू सुई अडकल्यावर कोणी हाताने टाका घातला असावा. दोन्ही फोटोंत. अशी चूक साचा करत नाही. आणि दोन पाकिटांच्या एकाच जागी ती होत नाही.

पाकीट एकच होते. मग एकाच ठशाची दोन रूपे कशी?

उत्तर फोटोतच होते आणि तिच्या शिकण्यातलेही होते, म्हणूनच ते बोचले. हेतलबेननी फोटो मावळतीच्या उन्हात काढला होता. तिरपा उजेड उथळ खाचेतही लांब सावली टाकतो आणि सावली खोलीचा आभास देते. दक्षाने आता शिवणीच्या दोऱ्यांच्या सावल्या पाहिल्या. दोरा चामड्याच्या जेमतेम वर येतो, तरी त्याची सावली त्याच्या जाडीहून कितीतरी लांब पडली होती. सावली अशी ताणलेली असताना अक्षरांतल्या काळोखावर विश्वास ठेवायलाच नको होता. फोटो एका बाजूने कलता घेतलेला होता. पाकिटाची उजवी कड कॅमेऱ्यापासून दूर गेली होती, म्हणून तिकडची प्रत्येक गोष्ट आखडली होती, शेवटची फटसुद्धा. याचा पुरावा टाक्यांत होता. मशीनचे टाके एकसारख्या लांबीचे असतात, फोटोत मात्र ते उजवीकडे लहान होत गेले होते. तिने प्रत्येक फट तिच्यालगतच्या टाक्याच्या लांबीने मोजली. त्या मापाने शेवटची फट रुंद निघाली. जीवनच्या फोटोत जेवढी, तेवढीच.

पाकीट पहिल्यापासून नकली होते. कोणी काही बदलले नव्हते. चूक 'नकली' या शेऱ्यात नव्हती, आधीच्या 'अस्सल' या शेऱ्यात होती.

तिने शितलला फोन केला. शितल मुंबईच्या कार्यालयात सगळ्या तपासणाऱ्यांचे काम पाही. तिला वस्तुस्थिती लवकर कळत असे.

"बरोबर आहे तुझं," फोटो पाहून शितल म्हणाली. "पण लेखी काय द्यायचं ते मी सांगते. 'पहिले फोटो निकालासाठी अपुरे होते.' बास. गिऱ्हाइकाचे पैसे आपण परत केलेत. कोणाचं नुकसान नाही."

"त्या बाईंच्या घरी काम करणारीवर चोरीचा आळ आहे."

"तो आपण घेतलेला नाही."

"आपल्या दोन निकालांवरूनच घेतलाय. 'अपुरे' म्हटलं तर पाकीट बदललं नाही, हे कुठून कळणार?"

मग शितल मृदूपणे बोलली, आणि दक्षाला त्या मृदूपणाची भीती वाटली. "दक्षा, तू लिहिशील की अस्सल ठरवण्यात चूक झाली. मग तुझे आधीचे सगळे निकाल कोणीतरी उकरून काढणार. तोवर तुला काम देता येणार नाही मला. तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, म्हणून बोलते."

"माहीत आहे," दक्षा म्हणाली. तिने अण्णांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित लिहिणे लांबले असते. तिने सविस्तर अहवाल लिहिला: दोन्ही संचांतले पाकीट एकच आहे, ते नकली आहे, पहिला निकाल चुकीचा होता, तो माझा होता. त्याची एक प्रत विकणाऱ्यालाही जावी अशी विनंती केली. प्रत जाईल याची खात्री नव्हती, म्हणून रविवारी सकाळी ती जीवनच्या रिक्षात बसून झाईला गेली.

वाटेत जीवन एवढेच म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते..."

"पुढे बघून चालव," दक्षा म्हणाली.

मेहतांच्या ओट्यासमोर चिकू निवडायचे काम चालले होते. मजूर चिकू चोळून, आकाराप्रमाणे वेगळे करून क्रेटमध्ये भरत होते. गंगी त्यांच्यातच बसली होती. घरात नव्हे, अंगणात, रोजंदारीवर. जीवनला पाहून तिने हात थांबवले. शेजारची हिरू काहीतरी पुटपुटली आणि बायका हसल्या. गंगी हसली नाही.

हेतलबेन दिवाणखान्यात होत्या. साठीच्या, नीटनेटक्या, मराठी सफाईने बोलणाऱ्या. दक्षाने आपण कोण ते सांगितले आणि पाकीट मागितले. त्यांनी ते टीपॉयवर ठेवले, जणू हाताला लागू नये अशा बेताने.

"पहिल्यांदा अस्सल म्हणणारी तू, आणि आता नकली म्हणणारी पण तूच?" त्या म्हणाल्या. "आता तिसरं काय म्हणायला आलीस?"

"बोलण्यापेक्षा दाखवते. गंगीमावशीला आत बोलवाल?"

हेतलबेनच्या कपाळावर आठी आली, पण त्यांनी हाक मारली. गंगी दारापाशी येऊन उभी राहिली. दक्षाने पडदे ओढले, मोबाइलची बॅटरी लावली आणि पाकिटावर सरळ वरून धरली. अक्षरे पुसट, सपाट दिसली.

"हा जीवनचा फोटो," ती म्हणाली. मग तिने बॅटरी हळूहळू खाली आणत टीपॉयच्या पातळीला टेकवली. अक्षरांच्या कडांना सावली धरू लागली. पाहता पाहता ठसा चामड्यात खोल उतरला. "हा तुमचा, संध्याकाळचा. पाकीट हेच. कोपऱ्याकडून पाचवा टाका पाहा, दुहेरी आहे. तो तुमच्याही फोटोत आहे." तिने सोबत आणलेला लॅपटॉप फिरवून दोन्ही फोटो दाखवले.

हेतलबेननी चष्मा लावला. टाक्यावर बोट ठेवले. मग स्वतः बॅटरी घेतली, वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. त्या तिसऱ्यांदा तसे करू लागल्या तेव्हा दक्षाने मान वळवली.

"हे आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं," हेतलबेन अखेर म्हणाल्या. "ते म्हणाले होते, मिलानच्या दुकानातून आणलं. मला दुकानाचं वर्णनसुद्धा केलं होतं."

दक्षाच्या मनात आले की नवऱ्यालाही दुकानदाराने फसवले असू शकेल, असे म्हणता येईल. पण ते तिला ठाऊक नव्हते आणि ठाऊक नसलेले तिने एकदा लिहून पाहिले होते.

"शेठाणी," गंगी दारातून म्हणाली, "तेलाने नाही ना झालं?"

"नाही," दक्षा म्हणाली. "तेलाने काही झालेलं नाही, मावशी."

हेतलबेननी पाकीट मिटले. किल्ल्यांचा जुडगा टीपॉयच्या खणातून काढून त्या गंगीकडे वळल्या. "हे घे. झालं ते झालं. दुपारचा स्वयंपाक बघ."

गंगी पुढे आली नाही. "अंगणात म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "जानी होती, हिरू होती, सगळे होते. तिथेच सांगा."

"अगं, मी कामावर घेतेय ना परत?"

"कामाचं नाही म्हणत मी."

हेतलबेन काही क्षण किल्ल्या हातात धरून उभ्या राहिल्या. मग ओट्यावर गेल्या. मजुरांनी माना वर केल्या. "पाकिटाचा गैरसमज झाला होता," त्या म्हणाल्या. "गंगीचा काही दोष नाही. जीवनचा पण नाही." पाकीट नकलीच होते, हे त्यांनी सांगितले नाही. चिकू पुन्हा क्रेटमध्ये पडू लागले. हिरूने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितले. त्यातला 'पाकीट' एवढाच शब्द दक्षाला ऐकू आला.

"एवढंच?" जीवन दबक्या आवाजात म्हणाला. "चोर म्हणताना गेटपर्यंत ऐकू गेलं होतं."

"तू गप," गंगी म्हणाली.

तिने किल्ल्या घेतल्या. जुडग्यातून एक किल्ली, बेडरूममधल्या कपाटाची, सोडवायला लागली. कडी घट्ट होती. तिने दातांनी ती फाकवली. किल्ली ओट्याच्या कठड्यावर ठेवून ती हेतलबेनना म्हणाली, "ही तुमच्याकडे राहू द्या. ते कपाट आता तुम्हीच उघडा, तुम्हीच पुसा. तुम्ही नसलात तर बंद राहील."

"म्हणजे अजून राग आहे तुझा."

"राग नाही. पुन्हा काही झालं तर सांगायला काय आहे माझ्याकडे? दर वेळी फोटो असतील का?"

गंगी स्वयंपाकघरात गेली, आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. किल्ली कठड्यावरच राहिली. हेतलबेन तिच्याकडे पाहत होत्या, पण हात पुढे करत नव्हत्या.

दक्षा रिक्षात येऊन बसली. शितलचा मेसेज आला होता: अहवाल वर पाठवला आहे, तुझे काम आजपासून थांबवले आहे, चौकशी किती चालेल सांगता येत नाही. तिने तो दोनदा वाचला. जीवनने विचारले, "घरी?" ती हो म्हणाली. अण्णांना हे कोणत्या शब्दांत सांगायचे, याचा विचार ती झाईची वेस ओलांडेपर्यंत करत होती, आणि बोर्डीच्या वळणावरही तिला शब्द सापडले नव्हते.